एका खराब दाण्याला हवेचे दोन फटके: स्टेट मशीनच्या आउटपुटवरचा ग्लिच, रजिस्टर आणि एका क्लॉकचा उशीर

बेदाण्याचा हंगाम सुरू झाला की तासगाव, सांगली, मिरज पट्ट्यातल्या शेडमधून कुपवाडच्या एमआयडीसीत दुरुस्तीला येणाऱ्या कार्डांमध्ये एक तक्रार हमखास असते. निवड यंत्र खराब दाणा बरोबर उडवतं, पण त्याच्यासोबत चांगला मालही रिजेक्टच्या क्रेटमध्ये पडतो. व्हॉल्व्ह बदलून होतो, हवेचा दाब कमी-जास्त करून होतो, कॅमेऱ्यापुढचा दिवा बदलून होतो. चार-आठ दिवस बरं चालतं आणि पुन्हा तेच. ऑपरेटरचं म्हणणं ठरलेलं: "साहेब, काळा दाणा उडवतंय, त्याबद्दल तक्रार नाही. पण त्याच्या पुढचा चांगला कशाला उडवतंय?"

या वाक्यातला "पुढचा" हा शब्द सोडू नका. बिघाडाचं निम्मं निदान त्यातच आहे.

हा लेख त्या एकाच बिघाडाबद्दल आहे. यंत्र कमी चॅनेलचं, साधं. आत एक छोटा एफपीजीए, १२ मेगाहर्ट्झचा क्लॉक. प्रत्येक चॅनेलला एक स्टेट मशीन आणि एक एअर व्हॉल्व्ह. एफपीजीए व्हॉल्व्ह थेट चालवत नाही. त्याच्या `fire` पिनवरून एक छोटी पल्स ७४एचसीटी१२३ या मोनोस्टेबलला जाते, तो तिची २ मिलिसेकंदांची पल्स करतो आणि त्यावर व्हॉल्व्हचा ट्रान्झिस्टर चालतो. एफपीजीए मध्येच अडकला तरी व्हॉल्व्ह उघडा राहू नये म्हणून मधे मोनोस्टेबल घातलेला असतो. रचना चांगली आहे. पण तिच्यामुळेच चार-पाच नॅनोसेकंदांचा कचरासुद्धा, म्हणजे ग्लिच, पूर्ण २ मिलिसेकंदांचा हवेचा फटका बनू शकतो, हे लक्षात ठेवून पुढे वाचा.

स्टेट मशीन चार अवस्थांचं आहे. `IDLE` मध्ये दाण्याची वाट पाहायची. दाणा कॅमेऱ्यासमोर आला की `CHECK`, फक्त एका क्लॉकपुरती. चांगला असला तर परत `IDLE`. खराब असला तर `TRAVEL`, म्हणजे दाणा कॅमेऱ्यापासून नोझलपर्यंत घसरत जाईपर्यंतचा वेळ. तो संपला की `FIRE`, तीही एकच क्लॉक, आणि परत `IDLE`. घसरपट्टीवर दाण्याचा वेग सेकंदाला ३ मीटरच्या आसपास आणि अंतर ६ सेंटिमीटर धरलं तर प्रवासाला २० मिलिसेकंद लागतात. १२ मेगाहर्ट्झवर त्याचे होतात २,४०,००० क्लॉक, म्हणजे १८ बिटांचा काउंटर.

```verilog
localparam IDLE   = 2'b00, CHECK = 2'b01,
           TRAVEL = 2'b10, FIRE  = 2'b11;

assign fire = (state == FIRE);   // थेट पिनवर
```

शेवटची ओळ वाचायला निर्दोष वाटते, सिम्युलेशनमध्येही निर्दोष चालते. बिघाड तिथेच आहे.

आधी खात्री करा की हा तोच बिघाड आहे

कार्ड उघडण्याआधी शेडमध्येच एक चाचणी करून घ्या. हाताने निवडलेला, पूर्ण चांगला माल थोडा वेळ यंत्रातून सोडा. व्हॉल्व्ह एकदाही वाजला नाही, तर बाहेरचा नॉइज, अर्थिंग, कंप्रेसरच्या मोटरचा धक्का यांच्यावरचा संशय बराच कमी होतो, कारण नॉइज दाण्याची जात बघून येत नाही. मग त्याच मालात मोजके काळे दाणे, लांब लांब अंतरावर सोडा. आता प्रत्येक काळ्या दाण्याला, किंवा बऱ्याच काळ्या दाण्यांना, दोनदा फटका ऐकू आला, तर चूक खराब दाणा ओळखल्यानंतरच्या वाटेत कुठेतरी आहे. २० मिलिसेकंदांच्या अंतराने आलेले दोन फटके कानाला "टक-टक" असे जोडून ऐकू येतात. सरावलेला ऑपरेटर ते सांगू शकतो.

पुढचं काम बाकावर. लॅबमध्ये स्वस्तातला, सेकंदाला २ कोटी ४० लाख सॅम्पल घेणारा लॉजिक अॅनालायझर असेल तर तो `fire` पिनवर लावून फारसा उपयोग नाही. त्याचे दोन सॅम्पल सुमारे ४२ नॅनोसेकंदांच्या अंतराने पडतात आणि ग्लिच त्यांच्यामधून निसटून जातो. "अॅनालायझरवर लाइन स्वच्छ दिसते" हे म्हणणं इथे पुरावा म्हणून धरू नका. तोच अॅनालायझर १२३ च्या आउटपुटवर लावा. तिथे २ मिलिसेकंदांची पल्स आहे, ती चुकण्याचा प्रश्नच नाही. एका खराब दाण्याला दोन पल्स दिसल्या आणि त्यांच्यातलं अंतर दर वेळी २० मिलिसेकंदच भरलं, तर नॉइजचा विषय संपला. पहिली पल्स `CHECK` संपतानाची, दुसरी `FIRE` ची. म्हणजे पहिला फटका खराब दाणा कॅमेऱ्यासमोर असतानाच बसतो. त्या क्षणी नोझलसमोर असतो तो ६ सेंटिमीटर पुढे गेलेला दाणा. ऑपरेटर "पुढचा" म्हणत होता तो हाच.

ग्लिच प्रत्यक्ष पाहायचा असेल तर निदान १०० मेगाहर्ट्झचा स्कोप घ्या, २० मेगाहर्ट्झची बँडविड्थ मर्यादा चालू असेल तर ती बंद करा, आणि प्रोबची लांब मगर-क्लिप काढून टोकाजवळची छोटी ग्राउंड स्प्रिंग लावा. प्रोब १२३ च्या इनपुट पिनवरच टेका. ट्रिगर साध्या एजवर ठेवू नका, पल्सच्या रुंदीवर ठेवा: ४० नॅनोसेकंदांपेक्षा अरुंद. खरी `FIRE` पल्स एका क्लॉकची, म्हणजे ८३ नॅनोसेकंदांची असल्यामुळे ती या ट्रिगरमध्ये येणार नाही. जे अडकेल ते नको असलेलंच असेल. पर्सिस्टन्स चालू ठेवून दाणे सोडत राहा. दिसेल ते पूर्ण उंचीची पल्स असेलच असं नाही. बऱ्याचदा अर्ध्यावर जाऊन परत आलेलं टोक दिसतं.

एक सावधगिरी. स्टेटचे दोन्ही बिट बघता यावेत म्हणून ते टेस्ट पिनवर काढून डिझाइन पुन्हा कंपाइल केलं, की आतली राउटिंग बदलते आणि ग्लिच गायबही होऊ शकतो. तो गेला म्हणजे दोष गेला असं नाही. म्हणून पहिलं मोजमाप जी बिटस्ट्रीम शेडमध्ये चालत होती तिच्यावरच करा.

ग्लिच येतो कुठून

`CHECK` म्हणजे 01 आणि `TRAVEL` म्हणजे 10. या एका उडीत दोन्ही बिट एकदम बदलतात. दोन्ही फ्लिप-फ्लॉप एकाच क्लॉक एजवर हलतात खरे, पण त्यांची आउटपुटं `fire` चा डिकोड करणाऱ्या लूकअप टेबलपर्यंत वेगवेगळ्या वाटांनी जातात. डावा बिट 1 झाल्याची बातमी आधी पोहोचली आणि उजवा बिट 0 झाल्याची नंतर, तर मधल्या काही नॅनोसेकंदांत लूकअप टेबलला दिसतं 11. म्हणजे `FIRE`. ते इमानेइतबारे आउटपुट 1 करतं आणि लगेच 0 करतं. उलट क्रमाने पोहोचली तर मधे 00 दिसतं, `fire` हलतच नाही. त्यामुळे एकाच कार्डवर एका चॅनेलला त्रास आणि शेजारच्याला नाही, असं चित्र दिसतं. चॅनेलचा कोड तोच, राउटिंग वेगळी.

बाकीच्या उड्याही तपासून बघा, म्हणजे लक्षणं जुळतात की नाही ते कळेल. `IDLE` ते `CHECK`, एकच बिट बदलतो. `CHECK` ते `IDLE`, एकच. म्हणून चांगल्या मालावर व्हॉल्व्ह शांत. `TRAVEL` ते `FIRE`, एकच. `FIRE` ते `IDLE` मध्ये दोन्ही बदलतात, पण वाटेत 01 किंवा 10 लागतं, 11 मागे राहिलेलं असतं. `fire` एकदाच खाली येतो. उरते ती एकच उडी. चाचणीत नेमकी तीच सापडली होती.

मग सिम्युलेशनमध्ये हे का दिसत नाही? कारण तिथे `state <= next_state` या ओळीने दोन्ही बिट एकाच क्षणी बदलतात आणि तारांना उशीर नसतो. टायमिंग अॅनालायझरही तक्रार करत नाही. तो फक्त एवढंच पाहतो की पुढच्या क्लॉक एजच्या आधी सगळं स्थिर होतं की नाही. तसं ते होतंच. एफपीजीएच्या आत जी गोष्ट पुढच्या एजलाच वाचली जाते तिथे हा ग्लिच कोणाला दिसतही नाही आणि बाधतही नाही. त्रास तिथेच होतो जिथे समोरचा सर्किट क्लॉकची वाट न पाहता एजवर किंवा पातळीवर लगेच हलतो: मोनोस्टेबलचा ट्रिगर, बाहेरच्या काउंटरचा क्लॉक, शिफ्ट रजिस्टरचा लॅच, असिंक्रोनस रिसेट, मेमरीचा राइट.

आता १२३ च्या बाजूने पाहू. डेटाशीट ज्या रुंदीच्या ट्रिगर पल्सची खात्री देते ती ५ व्होल्टच्या आसपास साधारण २० ते २५ नॅनोसेकंदांची असते. बरेच जण याचा अर्थ असा लावतात की त्याहून अरुंद पल्सवर तो हलणार नाही. डेटाशीट तसं म्हणत नाही. एवढ्या रुंदीवर तो नक्की हलेल, एवढंच ती सांगते. प्रत्यक्षातली चिप बऱ्याचदा याच्या निम्म्याहून कमी रुंदीवरही ट्रिगर होते. त्यामुळे एक-दोन नॅनोसेकंदांचा ग्लिच बहुधा पिनच्या बफरमध्येच विरतो, चार-पाचाचा कधी लागतो कधी नाही, आणि चिपची बॅच बदलली, सप्लाय थोडा वर-खाली झाला किंवा एप्रिलच्या दुपारी पत्र्याच्या शेडमध्ये कार्ड तापलं की "कधी"चं "नेहमी" होतं. बिघाड पुन्हा पुन्हा येतो तो यामुळे. व्हॉल्व्ह बदलल्यावर चार-आठ दिवस बरं चाललं तेही बहुधा याच चढ-उतारामुळे, व्हॉल्व्हमुळे नाही.

कपॅसिटर लावून भागवू नका

दुरुस्तीला आलेल्या कार्डांवर `fire` लाइनला १०० ओहम आणि १०० पिकोफॅरॅड लावलेले दिसतात. त्यांचा गुणाकार १० नॅनोसेकंद. अरुंद ग्लिच त्यात खरंच दबतो. पण हा आकडा आजच्या राउटिंगच्या आजच्या ग्लिचसाठी पुरला, एवढंच. उद्या कोणी दुसऱ्या एखाद्या कारणाने कोड बदलून पुन्हा कंपाइल केला आणि ग्लिच रुंदावला, की तोच कार्ड परत येतो. कपॅसिटर वाढवत गेलात तर खऱ्या पल्सची कडही आळसावते, आणि हळू चढणारी कड लॉजिकला स्वतःच त्रासदायक असते. मला हा उपाय शेडमध्ये रात्री यंत्र चालू ठेवण्यापुरता मान्य आहे, दुरुस्ती म्हणून अजिबात नाही.

दुसरा एक उपाय सुचवला जातो: अवस्थांचे नंबर बदला, `TRAVEL` ला 11 आणि `FIRE` ला 10 द्या. या यंत्रात ते चालतं, कारण 00, 01, 11, 10 या क्रमात प्रत्येक उडीला एकच बिट बदलतो. पण पुढच्या हंगामात कोणी पाचवी अवस्था घातली किंवा मधूनच एक वेगळी वाट काढली, की ती शिस्त मोडते आणि कोणाला कळतही नाही. शिवाय सिंथेसिस टूल स्वतःहून अवस्थांचे नंबर बदलू शकतं. लहान स्टेट मशीनला बरीच टूल्स वन-हॉट करून टाकतात, म्हणजे प्रत्येक अवस्थेला स्वतंत्र फ्लिप-फ्लॉप. तसं झालं तर `fire` थेट एका फ्लिप-फ्लॉपमधून निघतो आणि ग्लिच आपोआप जातो. मग टूलची आवृत्ती किंवा सेटिंग बदललं की परत येतो. "जुन्या लॅपटॉपवर कंपाइल केलं की यंत्र नीट चालतं" अशा गोष्टींचं मूळ बऱ्याचदा इथे असतं. टूलच्या मर्जीवर अवलंबून न राहता कोडमध्येच सोय करणं बरं.

खरा उपाय: पिनच्या आधी फ्लिप-फ्लॉप

डिकोड केलेलं आउटपुट थेट पिनवर न पाठवता एका फ्लिप-फ्लॉपमधून पाठवा.

```verilog
always @(posedge clk)
  if (rst) fire_q <= 1'b0;
  else     fire_q <= (state == FIRE);

assign fire = fire_q;
```

लूकअप टेबलमधला गोंधळ क्लॉक एजनंतरच्या पहिल्या काही नॅनोसेकंदांत उरकतो. `fire_q` त्याच्याकडे बघतो तो पुढच्या एजला, तब्बल ८३ नॅनोसेकंदांनी. तोवर उत्तर स्थिर झालेलं असतं. फ्लिप-फ्लॉपचं आउटपुट एका एजला फार तर एकदाच बदलतं, त्यामुळे पिनवर ग्लिच जायला वाटच राहत नाही. जमलं तर हा फ्लिप-फ्लॉप पिनच्या आय-ओ सेलमध्येच बसवा. बहुतेक एफपीजीएंमध्ये तशी सोय असते, आणि मग प्रत्येक कंपाइलला क्लॉकपासून पिनपर्यंतचा वेळ बदलत नाही.

किंमत एका क्लॉकची. `state` जेव्हा `FIRE` मध्ये असतो तेव्हा पिन अजून 0 असतो. पिन 1 होतो तेव्हा `state` पुन्हा `IDLE` मध्ये पोहोचलेला असतो.

```
clk               k        k+1     k+2    k+3
state             TRAVEL   FIRE    IDLE   IDLE
fire (जुना)        0        1       0      0
fire_q (state)    0        0       1      0
fire_q (next)     0        1       0      0
```

या किमतीचा बाऊ करण्याआधी ती मोजा. ८३ नॅनोसेकंदांत, सेकंदाला ३ मीटर वेगाने दाणा सरकतो पाव मायक्रोमीटर. व्हॉल्व्हचं बूच हलायलाच त्याच्या हजारो पट वेळ लागतो. या पिनपुरता हा उशीर बेदाण्याला कळणार नाही, आणि नोझलची वेळ पुन्हा जुळवायची गरज नाही. तरीही उशीर नकोच असेल तर तक्त्यातली शेवटची ओळ पाहा. `state` ऐवजी `next_state` डिकोड करून रजिस्टर केलं, तर `fire_q` आणि `state` एकाच एजला बदलतात आणि उशीर शून्य होतो.

```verilog
  else     fire_q <= (next_state == FIRE);
```

इथे किंमत वेळेच्या दुसऱ्या खात्यातून जाते. काउंटरची तुलना, त्यावरून पुढची अवस्था, त्यावरून `fire`, हे सगळं आता एकाच क्लॉकमध्ये बसायला हवं. १२ मेगाहर्ट्झवर ते आरामात बसतं. १०० मेगाहर्ट्झच्या वरच्या डिझाइनमध्ये, जिथे पुढच्या अवस्थेचं गणितच लांबलचक आहे, तिथे टायमिंग रिपोर्ट वाचल्याशिवाय हे करू नका. `next_state` वेगळा लिहिलेला नसेल, सगळं एकाच `always` मध्ये असेल, तर ज्या `if` मध्ये `state <= FIRE` लिहिलं आहे तिथेच `fire_q <= 1` लिहा, आणि ब्लॉकच्या सुरुवातीला `fire_q <= 0`. अर्थ तोच.

एक क्लॉक वाचवायला काही जण `FIRE` अवस्थाच काढून टाकतात आणि `fire = (state == TRAVEL) && done` असं लिहितात. रजिस्टरशिवाय हे मूळ दोषापेक्षा वाईट आहे. `done` ही १८ बिटांची तुलना आहे आणि काउंटर दर क्लॉकला हलतो. 131071 वरून 131072 वर जाताना सगळे अठरा बिट एकदम उलटतात. दोनच बिटांत एवढा त्रास, तर इथे वाटेत काय काय दिसेल ते सांगता येत नाही. हीच ओळ `fire_q` मध्ये रजिस्टर केली तर मात्र ती `next_state` वाल्या उपायाइतकीच चांगली, कारण `TRAVEL` मध्ये `done` आला म्हणजेच पुढची अवस्था `FIRE`.

उशीर खरोखर बाधतो तो इथे

ग्लिचचं कारण समजलं की पुढचा मोह असतो तो सगळीच आउटपुटं रजिस्टर करून टाकण्याचा. आता सावध होण्याची वेळ आहे, कारण या दुरुस्तीनंतर परत येणाऱ्या कार्डांत हीच गोष्ट निघते. आपल्या यंत्रात स्टेट मशीन आतल्या काउंटरलाही दोन सिग्नल देतं: `CHECK` मध्ये दाणा खराब निघाला तर `cnt_clr`, म्हणजे शून्य कर, आणि `TRAVEL` मध्ये `cnt_en`, म्हणजे मोज. काउंटर २,४०,००० वर पोहोचला की `done` होतो आणि तिथेच थांबतो, पुढच्या `cnt_clr` पर्यंत.

मूळ रचनेत `CHECK` च्या क्लॉकमध्ये `cnt_clr` 1 असतो, आणि `TRAVEL` च्या पहिल्या क्लॉकला काउंटर शून्यावर आलेला असतो. सगळं ठीक. आता कोणी `cnt_clr` सुद्धा `state` वरून रजिस्टर केला. तो एक क्लॉक उशिरा, म्हणजे `TRAVEL` च्या पहिल्या क्लॉकमध्ये 1 होतो, आणि काउंटर प्रत्यक्ष शून्य होतो त्याच्याही पुढच्या एजला. मधल्या त्या एका क्लॉकमध्ये काउंटरवर मागच्या दाण्याचे २,४०,००० तसेच असतात, `done` 1 असतो, आणि स्टेट मशीन २० मिलिसेकंद थांबायचं सोडून ताबडतोब `FIRE` मध्ये जातं.

याचं लक्षण फार नेमकं असतं. यंत्र चालू केल्यावर पहिला खराब दाणा बरोबर उडतो, कारण रिसेटनंतर काउंटर शून्यच असतो. दुसऱ्याला फटका २० मिलिसेकंद आधी बसतो, आणि तो खराब दाणा चांगल्या मालात जातो. पण त्या गडबडीत उशिरा का होईना काउंटर शून्य झालेला असतो, म्हणून तिसरा पुन्हा बरोबर. चौथा चुकीचा. एक सोडून एक. आधी एका दाण्याला दोन फटके होते. आता फटका एकच, पण दर दुसऱ्या दाण्याला अवेळी. शेडमधून तक्रार येते ती "आता काळा निम्मा सुटतोय" अशी, आणि दुरुस्त करणारा पुन्हा कॅमेऱ्यामागे लागतो. निम्मा हा आकडा ऐकला की आधी `cnt_clr` बघा. हा दोष सिम्युलेशनमध्ये लगेच दिसतो, फक्त टेस्टबेंचमध्ये निदान दोन खराब दाणे हवेत. एकच दाणा सोडणारा टेस्टबेंच पास होतो.

`cnt_en` एक क्लॉक उशिरा आला तर `TRAVEL` फक्त एका क्लॉकने लांबते. ते सोडून द्या. उशीर स्टेट मशीनकडे परत येणाऱ्या उत्तराच्या वाटेत आहे की नाही, यावर सगळं ठरतं. `fire` बाहेर जातो आणि त्याच्यावरून स्टेट मशीन काही ठरवत नाही, तिथे उशीर निरुपद्रवी. `cnt_clr` चा परिणाम `done` म्हणून परत येतो आणि त्यावर निर्णय होतो, तिथे तोच उशीर घातक. कॅमेऱ्याच्या फिफोचा रीड सिग्नल असाच. तो उशिरा गेला तर स्टेट मशीन जुनाच पिक्सेल दोनदा वाचतं.

म्हणून माझा नियम साधा आहे. एफपीजीएच्या बाहेर एजवर किंवा पातळीवर लगेच काम करणाऱ्या पिनवर जाणारं प्रत्येक आउटपुट रजिस्टर. आत, त्याच क्लॉकवर वाचलं जाणारं आउटपुट जसं आहे तसं. तिथे ग्लिचने काही बिघडत नाही आणि रजिस्टरने बिघडू शकतं. आतलं एखादं आउटपुट टायमिंगसाठी रजिस्टर करावंच लागलं, तर ते `next_state` वरून करा, म्हणजे ते `state` च्या जोडीने चालेल.

दुरुस्तीनंतर तपासणी

लाइनवर आधी कोणी लावलेला कपॅसिटर असेल तर तो काढा आणि मगच तपासा. तो ठेवून केलेली चाचणी रजिस्टरची होत नाही, कपॅसिटरची होते. स्कोपवर तोच ४० नॅनोसेकंदांखालचा ट्रिगर लावा, कार्ड हीट गनने हळूहळू गरम करा, आणि खराब दाण्यांचा प्रवाह चालू ठेवा. ट्रिगर एकदाही लागता कामा नये. मग १२३ च्या आउटपुटवर अॅनालायझर लावून एकापाठोपाठ बरेच खराब दाणे सोडा: प्रत्येकाला एकच पल्स, आणि दाणा ओळखल्यापासून प्रत्येक वेळी २० मिलिसेकंदांनी. दोन पल्स दिसल्या तर `fire` अजून कुठेतरी डिकोडमधून थेट निघतोय. वेळ एक सोडून एक चुकली तर `cnt_clr`.

कॅमेऱ्याच्या तुलनाकाराकडून येणारा दाण्याचा सिग्नल आपल्या क्लॉकशी जुळलेला नसतो. तो स्टेट मशीनमध्ये घेण्याआधी दोन फ्लिप-फ्लॉपमधून आणलेला आहे का, तेही याच बैठकीत बघून घ्या. आउटपुटवरचं रजिस्टर इनपुटवरचा दोष झाकत नाही. तिथून स्टेट मशीन भलत्याच अवस्थेत गेलं तर `fire_q` ती चूक स्वच्छ पल्स करून बाहेर पाठवेल.

एवढं करूनही यंत्र चालू करताना एक फटका बसत असेल, तर त्याचा ग्लिचशी संबंध नाही. एफपीजीए कॉन्फिगर होईपर्यंत त्याची पिनं मोकळी असतात, आणि बऱ्याच एफपीजीएंमध्ये तेवढ्या वेळात आतला हलका पुल-अप त्यांना वर ओढतो. १२३ ला ती चढती कड दिसते. `fire` लाइनवर जमिनीकडे ४.७ किलोओहमचा एक रेझिस्टर लावा.